इंग्रजीतलं ‘तरी’ गेलं कुठे?

‘ऑल्दो द पंप वॉज रिपेअर्ड इन मार्च, बट इट फेल्ड अगेन इन जून.’

असं वाक्य माझ्यासमोर इतक्यांदा येतं की आता हात आपोआप त्या ‘बट’वर जातो. साइटवरून येणारे रिपोर्ट क्लायंटकडे जायच्या आधी वाचून साफ करणं हा माझ्या नोकरीचा एक भाग, आणि लिहिणारी पोरं हुशार असतात, पंप उघडून कुठे काय बिघडलंय ते अचूक सांगतात, पण ‘ऑल्दो’ आलं की मागून ‘बट’ येणारच. आणि सगळ्यांना नियम माहीत असतो बरं का! शाळेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये ‘युज ऑल्दो’, ‘युज इन स्पाइट ऑफ’ असली वाक्यं बदलून मार्क मिळवलेलेच असतात सगळ्यांनी. विचारलं तर सांगतील पण, की सर एका वाक्यात दोन कंजंक्शन नकोत. आणि पुढच्या रिपोर्टमध्ये परत तेच.

मला वाटतं नियम कमी पडत नाही, कारण सांगायचं राहून जातं. आपण मराठीत हे वाक्य कसं बोलतो ते बघा. ‘जरी पंप मार्चमध्ये दुरुस्त केला होता तरी जूनमध्ये परत बंद पडला.’ जरी आणि तरी, जोडीनं. आता यातलं एक काढायचं म्हटलं तर कुठलं काढाल? कुणीही ‘जरी’च काढेल. ‘पंप मार्चमध्ये दुरुस्त केला होता तरी जूनमध्ये परत बंद पडला’, एकदम झकास चालतं, बोलताना तर जरी आपण क्वचितच म्हणतो. पण ‘तरी’ काढून बघा: ‘जरी पंप मार्चमध्ये दुरुस्त केला होता जूनमध्ये परत बंद पडला.’ वाक्य मोडलं. कानाला लगेच कळतं की मधे काहीतरी पडून गेलंय.

म्हणजे मराठीत वाक्याचा सगळा भार ‘तरी’वर आहे, आणि तरी बसतं कुठे, तर दोन भागांच्या बरोबर सांध्यावर. इंग्रजीत नेमकं उलटं. तिथे ‘ऑल्दो’ ठेवायचं आणि सांध्यावरचा शब्द काढून टाकायचा. आपल्या डोक्यात जो शब्द सगळ्यात पक्का बसलाय तोच इंग्रजी काढायला सांगते, मग हात त्या रिकाम्या जागी ‘बट’ ठोकणारच की. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी लोकांचंही अगदी हेच होतं, त्यांच्याकडेही ‘स्वेइरान… दानशर’ अशी जोडी आहे, आणि तेही इंग्रजीत ऑल्दो-बट लिहितात.

इथे एक गंमत सांगायला हवी. इंग्रजीतही अशी जोडी होती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकात तो देवाबद्दल म्हणतो ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’, त्यानं मला मारलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन. दो-येट म्हणजे सरळसरळ जरी-तरी. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी व्याकरणांत ही जोडी बरीच वर्षं शिकवली गेली, म्हणून जुन्या पिढीतली माणसं ‘दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट’ बिनदिक्कत लिहायची आणि ते चूक नव्हतं. आजही ‘येट’ चूक नाही, फक्त जुनाट वाटतं. ‘बट’ मात्र चालत नाही, कारण ‘बट’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतं आणि ‘ऑल्दो’ एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली घालतं, ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी होणार.

तर मग ‘तरी’ गेलं कुठे? माझं उत्तर असं की त्याचा कॉमा झाला. ‘ऑल्दो द पंप वॉज रिपेअर्ड इन मार्च, इट फेल्ड अगेन इन जून.’ या वाक्यात सांध्यावर शब्द एकही नाही. वाचणाऱ्याला पहिला भाग संपून मुख्य गोष्ट सुरू झाली हे सांगणारं तिथे एकच चिन्ह आहे, कॉमा. म्हणून तो तिथे लागतोच, ते सजवणं नाही. नव्या माणसाला मी हेच सांगतो, की जिथे तुझ्या मनात ‘तरी’ येतं तिथे कॉमा टाक आणि पुढे सरळ कर्ता लिही. पाठ केलेल्या नियमापेक्षा हे जास्त लवकर डोक्यात बसतं.

आणि आता वाक्य उलटं करून बघा. ‘द पंप फेल्ड इन जून ऑल्दो इट वॉज रिपेअर्ड इन मार्च.’ इथे ‘ऑल्दो’ स्वतःच सांध्यावर येऊन बसलाय, त्यामुळे कॉमाची गरज कमी झाली. बरेच एडिटर इथेही कॉमा देतात, कारण ऑल्दोचा भाग बहुतेक वेळा वरून जोडलेली माहिती असते, पण नाही दिला तरी वाचताना कोणी अडखळत नाही. पुढे ऑल्दो असताना कॉमा विसरलात तर मात्र अडखळतं, विशेषतः असल्या वाक्यात: ‘ऑल्दो द व्हेंडर रिपेअर्ड द पंप द मोटर फेल्ड.’ पंप कुठे संपला आणि मोटर कुठे सुरू झाली ते दुसऱ्यांदा वाचून ठरवावं लागतं.

मराठीत आपल्याला कॉमाची एवढी सवय नाही याचं कारणही तिथेच आहे असं मला वाटतं. मोडीतले जुने कागद पाहिलेत का कधी, सलग ओळ, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आजची चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यात घेतलं जातं. त्याआधी भाषेचं काही अडत नव्हतं, कारण सांधे सांभाळायला तरी, म्हणून, की, तर असले शब्द होते, आणि क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘होता’, ‘केला’ आलं की भाग संपला हे कळायचंच. व्हॉट्सॲपवर आपण अजूनही तसंच लिहितो आणि सगळ्यांना सगळं कळतं.

आता ‘डिस्पाइट’कडे येऊ. याचा स्वभाव वेगळा आहे. ऑल्दोला मागे पूर्ण वाक्य लागतं, कर्ता आणि क्रियापद दोन्ही. डिस्पाइटला नुसतं नाम पुरतं आणि पूर्ण वाक्य दिलं तर ते बिघडतं. ‘डिस्पाइट द रेन’ चालतं, ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ नाही. कुठलं कुठे हे आठवत नसेल तर मागे ‘धिस’ लावून बघायचं: ‘डिस्पाइट धिस’ छान बसतं, ‘ऑल्दो धिस’ लटकतं.

हा शब्द मुळात लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा अर्थ होता खाली बघणं, तुच्छ लेखणं. म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’ म्हणजे पावसाला हिंग लावूनही न विचारता, आपल्याकडे अगदी तसंच ‘पावसाला न जुमानता’ म्हणतात. न जुमानायला काहीतरी वस्तू लागते ना समोर? पाऊस, वॉर्निंग, वॉरंटी, खर्च. म्हणून नाम. आणि ‘डिस्पाइट ऑफ’ ही जी सगळ्यांची लाडकी चूक आहे तिलाही इतिहास आहे, जुन्या इंग्रजीत ‘इन डिस्पाइट ऑफ’ असं खरंच लिहायचे, ‘स्पाइट’ हा त्याच शब्दाचा तुकडा. आज नियम सोपा, ‘इन स्पाइट ऑफ’ तीन शब्द, ‘डिस्पाइट’ एक शब्द, एकाचा ‘ऑफ’ दुसऱ्याला द्यायचा नाही.

पण डिस्पाइटची खरी गोम पुढे आहे आणि ती शाळेत कोणी सांगत नाही. मराठीत आपण म्हणतो ‘आजारी असूनही तो आला’ आणि ‘पाऊस असूनही आम्ही गेलो’. दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात पण आहेत वेगळी. पहिल्यात आजारी असणारा आणि येणारा एकच. दुसऱ्यात असणारा पाऊस, जाणारे आम्ही. मराठीत ‘असूनही’ला दोन्ही चालतं, कारण पाऊस शब्द तिथे समोरच उभा आहे. इंग्रजीत ‘डिस्पाइट बीइंग सिक, ही केम’ बरोबर, पण त्याच चालीवर ‘डिस्पाइट बीइंग रेनिंग, वी वेंट’ लिहिलं की गडबड, कारण ‘बीइंग’ आपला कर्ता कॉमाच्या पलीकडे शोधतं आणि तिथे सापडतो ‘वी’. म्हणजे आम्हीच बरसत होतो! रिपोर्टात हे इतकं विनोदी दिसत नाही म्हणून पकडायला अवघड जातं. ‘डिस्पाइट बीइंग अ हॉलिडे, द कॉम्प्रेसर वॉज रनिंग’, हे मी पास होताना पाहिलंय. सुट्टी होती म्हणे कॉम्प्रेसर.

तपासायची पद्धत अशी की ‘बीइंग’च्या आधी मनात विचारायचं, कोण? आणि उत्तर कॉमानंतरचा पहिला माणूस किंवा वस्तू असेल तरच पुढे जायचं. नसेल तर तीन वाटा आहेत. नाम वापरा, ‘डिस्पाइट द हॉलिडे’. नाहीतर बीइंगला स्वतःचा कर्ता द्या, ‘डिस्पाइट इट बीइंग अ हॉलिडे’. किंवा सरळ ऑल्दोवर या, ‘ऑल्दो इट वॉज अ हॉलिडे’. चौथी वाट ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’, व्याकरणात बरोबर आहे पण चार शब्द खर्चून ऑल्दोचंच काम करते, मी ती बहुतेक वेळा कापतो. सरकारी पत्रव्यवहारातून आलेल्या लोकांचा तिच्यावर फार जीव असतो, ते एक असो.

नामाचा अजून एक धोका म्हणजे ते होय-नाही सांगत नाही. ‘डिस्पाइट द वॉरंटी, द व्हेंडर चार्ज्ड अस’, म्हणजे वॉरंटी होती तरी पैसे घेतले. ‘डिस्पाइट द वॉरंटी, द व्हेंडर रिपेअर्ड इट फ्री’ असं एकानं लिहिलं होतं, त्याला म्हणायचं होतं वॉरंटी संपली होती तरी फुकट करून दिलं. संपली हे नामात कुठेच आलं नाही. वाचणारा म्हणणार, वॉरंटीत फुकटच करतात, त्यात ‘डिस्पाइट’ काय?

‘हाउएव्हर’ हा तिसरा, आणि सगळ्यात जास्त लाल शाई याच्यावर जाते. दिसायला तो ‘बट’चा भाऊ वाटतो, अर्थही जवळपास तोच, त्यामुळे लोक ‘बट’च्या जागी तो उचलून ठेवतात: ‘द पंप वॉज रिपेअर्ड, हाउएव्हर इट फेल्ड अगेन.’ प्रॉब्लेम असा की हाउएव्हर जोडत नाही. तो क्रियाविशेषण आहे, आधीच्या वाक्याकडे नुसता बोट दाखवतो. सिद्ध करायचं असेल तर त्याला हलवून बघा. ‘इट फेल्ड अगेन, हाउएव्हर.’ किंवा ‘इट, हाउएव्हर, फेल्ड अगेन.’ वाक्यात कुठेही फिरतो. ‘बट’ला असं फिरवता येत नाही, ऑल्दोलाही नाही. जो शब्द असा मोकळा फिरतो तो दोन वाक्यं धरून कशी ठेवणार?

म्हणून इथे सांधा सांभाळायची सगळी जबाबदारी चिन्हावर येते, आणि पूर्ण दोन वाक्यांचं ओझं एकट्या कॉमाला पेलत नाही. तिथे पूर्णविराम द्या, किंवा दोन्ही वाक्यं फारच जवळची असतील तर अर्धविराम, आणि हाउएव्हरच्या मागे कॉमा: ‘द पंप वॉज रिपेअर्ड इन मार्च; हाउएव्हर, इट फेल्ड अगेन इन जून.’ वाक्याच्या मधे घातला तर दोन्ही बाजूंना कॉमा, एकाच बाजूला दिला तर दरवाजाचं एकच कडं लावल्यासारखं होतं. अर्धविराम आपण मराठीत शाळेनंतर कधी वापरत नाही, म्हणून मी लोकांना सांगतो की डोकं खाऊ नका, पूर्णविराम द्या, त्यानं कधीच चुकत नाही.

याच्या बरोबर उलट चूक ‘बट’बरोबर होते. बोलताना आपण ‘पण…’ म्हणून थांबतो, तो थांबा कागदावर उतरतो आणि ‘बट, इट फेल्ड’ असा कॉमा पडतो. बटच्या आधी कॉमा, नंतर नाही; हाउएव्हरच्या नंतर कॉमा, आणि आधी कॉमापेक्षा मोठं काहीतरी.

मराठीत हाउएव्हरचा खरा जोडीदार मला ‘पण’ वाटत नाही, ‘मात्र’ वाटतो. ‘पंप दुरुस्त झाला. मोटर मात्र तशीच आहे.’ मात्र ज्याच्या मागे बसतो त्याच्यावर उजेड पडतो, इथे मोटरवर. इंग्रजीत ‘द मोटर, हाउएव्हर, वॉज नॉट टच्ड’ म्हटलं की तेच होतं, तुलना पंपाची आणि मोटरची आहे हे कळतं. ‘हाउएव्हर, द मोटर वॉज नॉट टच्ड’ मध्ये अख्खं वाक्य आधीच्या वाक्यासमोर उभं राहतं. विल्यम स्ट्रंक नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९१८ मध्ये म्हणून गेले की या अर्थाचा हाउएव्हर वाक्याच्या सुरुवातीला आणूच नये. आज हे कोणी फारसं पाळत नाही आणि न पाळलेलंच बरं, पण त्यामागचा कान बरोबर होता. वाक्याच्या सुरुवातीला लागणाऱ्या हाउएव्हरसाठी आपल्याकडे ‘तथापि’ आहे, शासकीय पत्रात बघा, मंजुरी देण्यात येत आहे, पूर्णविराम, ‘तथापि,’ कॉमा, आणि मग खऱ्या अटी सुरू.

हे सगळं एकत्र आलेलं एक वाक्य गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलं होतं, त्याची फोड करतो. ‘ऑल्दो द पंप वॉज रिपेअर्ड इन मार्च, बट इट फेल्ड अगेन इन जून, हाउएव्हर द व्हेंडर रिप्लेस्ड द सील, डिस्पाइट ऑफ वॉरंटी वॉज ओव्हर.’ पहिल्यांदा यात गोष्टी किती ते बघायचं. मार्चमध्ये दुरुस्ती, जूनमध्ये परत बिघाड, व्हेंडरनं सील बदललं, वॉरंटी संपलेली. चार. आता विरोध कुठे कुठे आहे? दुरुस्ती आणि बिघाड यांच्यात आहे. सील बदलणं आणि संपलेली वॉरंटी यांच्यात आहे. बिघाड आणि सील बदलणं यांच्यात मात्र काहीच विरोध नाही, बिघडलं म्हणून बदललं! म्हणजे तिथला हाउएव्हर लिहिणाऱ्यानं ‘मग’ या अर्थी, दम घ्यायला टाकलाय. तो जाणार, आणि तिथेच वाक्य तुटणार. ‘ऑल्दो द पंप वॉज रिपेअर्ड इन मार्च, इट फेल्ड अगेन इन जून. द व्हेंडर रिप्लेस्ड द सील ऑल्दो द वॉरंटी हॅड एक्स्पायर्ड.’ दोनदा ऑल्दो खुपत असेल तर दुसऱ्या जागी ‘डिस्पाइट द एक्स्पायर्ड वॉरंटी’, एक्स्पायर्ड शब्द नामाला चिकटवून, म्हणजे मघाचा घोळ होत नाही.

इथे लिहिणाऱ्यानं मला विचारलं की सर, कुठल्या भागाला ऑल्दो लावायचं ते कसं ठरवायचं, आणि प्रश्न एकदम बरोबर होता. कारण ज्या भागाला ऑल्दो लागतं तो आपण मान्य करून बाजूला ठेवतो, आणि उरलेल्या भागावर वाक्य उभं राहतं. ‘ऑल्दो द पंप इज ओल्ड, इट इज वर्किंग’ वाचून क्लायंट म्हणेल, ठीक आहे, चालू द्या अजून वर्षभर. ‘ऑल्दो द पंप इज वर्किंग, इट इज ओल्ड’ वाचून तो नव्या पंपाचं कोटेशन मागेल. माहिती तीच, एक शब्दही वेगळा नाही. मराठीत आपण हे न शिकवता करतो: ‘जुना असला तरी चालतोय’ आणि ‘चालतोय खरा, पण जुना झालाय’, दुसरं वाक्य ऐकताच घरातलं माणूस विचारतं, किती लागतील? आणि ‘बट’नं जोडलं तर दोन्ही भाग बरोबरीचे राहतात, फक्त शेवटी आलेलं जास्त लक्षात राहतं. हाउएव्हरनं तोडलं तर दोन्हीला स्वतंत्र वाक्याचा मान मिळतो, सावकाश वाचलं जातं, म्हणून वाईट बातमी सांभाळून द्यायची असते तिथे रिपोर्टात तो बरा पडतो. बोलताना मात्र हाउएव्हर ताठर वाटतो. मीटिंगमध्ये ‘दो’ शेवटी टाकून काम भागतं, ‘इट इज ओल्ड. इट वर्क्स, दो.’ ऑल्दो असा शेवटी येत नाही, एवढा एक फरक या दोन भावांत.

शेवटचा एक घोळ राहिला, आणि पैशाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महाग. आपलं ‘तरी’ झालेल्या गोष्टीलाही चालतं आणि होईल-न-होईल अशा गोष्टीलाही. ‘पाऊस होता तरी काम केलं’ आणि ‘पाऊस आला तरी काम करू’, फरक क्रियापदातून कळतो, तरी तेच राहतं. इंग्रजीत इथे शब्दच बदलतो, घडलेल्याला ‘ईव्हन दो’, घडलंच असं ठरलेलं नाही त्याला ‘ईव्हन इफ’. त्याच रिपोर्टच्या पुढच्या पानावर होतं ‘ईव्हन इफ द सील वॉज रिप्लेस्ड, लीकेज इज कंटिन्यूइंग’. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं सील बदललं तरी गळतंय. क्लायंटला वाचताना ऐकू आलं असतं, सील बदललं असलंच तरी, म्हणजे बदललं की नाही याची यांना खात्री नाही. व्हेंडरचं बिल आमच्याकडे पास होऊन गेलेलं, आणि त्यावर सीलची किंमत लावलेली. मी ‘इफ’ खोडून ‘दो’ केलं आणि सील बदलल्याची तारीख कंसात टाकायला सांगितली.